ब्रेक मारल्यावर गाडी कुठं थांबते : या चुका टाळा

निपाणी भागात गाडी शिकवायला लागून मला 20 वर्षं झाली. शिकायला येणाऱ्यांत कॉलेजची पोरं असतात, तशी ट्रॅक्टरवर हात बसलेली शेतकऱ्यांची मुलंही. गिअर, क्लच, रिव्हर्स यांत सगळे वेगवेगळे चुकतात. ब्रेकच्या अंतराच्या बाबतीत मात्र सगळ्यांची चूक तीच.

"दुप्पट वेग म्हंजे दुप्पट अंतर की ओ"

हे वाक्य मी दर बॅचला ऐकतो, म्हणून आता तोंडी समजावत बसत नाही. आमच्याकडं जुन्या डांबरी रस्त्याचा एक तुकडा मागं पडलाय, वाहतूक नाही. तिथं फक्कीची आडवी रेघ मारतो आणि सांगतो, पुढचं चाक रेघेवर आलं की पूर्ण ताकदीनं ब्रेक.

गेल्या वर्षी चिकोडीकडचा एक मुलगा होता. 20 च्या वेगानं आला, ब्रेक मारला. रेघेपासून चाकापर्यंत पावलं मोजली, 4 भरली. विचारलं, आता 40 नं आलास तर? म्हणाला, "8, सर. फार तर 9." 8 पावलांवर त्यानं स्वतःच्या हातानं वीट ठेवली. मग 40 नं आला आणि वीट चाकाखालून मागं गेली. मोजली तर 14 पावलं. तो बराच वेळ त्या विटेकडं बघत उभा होता.

असं का होतं? कोरड्या चांगल्या डांबरावर जोरात ब्रेक मारला की ताशी वेग दर सेकंदाला साधारण 25 नं उतरतो. 40 वरून शून्यावर यायला 1.6 सेकंद लागतात, 80 वरून 3.2. म्हणजे थांबायला वेळ दुप्पट लागला. पण त्या दुप्पट वेळात गाडी पळतेय तीही दुप्पट वेगानं. 40 वाल्याचा थांबेपर्यंतचा सरासरी वेग 20, तर 80 वाल्याचा 40. दुप्पट वेळ आणि दुप्पट सरासरी वेग, म्हणून अंतर चौपट. 40 ला ब्रेकचं अंतर जवळपास 9 मीटर येतं, 80 ला साडेपस्तीस मीटर.

शाळेत शिकलेलं आठवत असेल तर हीच गोष्ट गतिज ऊर्जेची आहे. ती वेगाच्या वर्गात वाढते आणि ब्रेकला ती सगळी घर्षणानं उष्णतेत घालवावी लागते. टायर आणि रस्ता मिळून जोर लावणार तेवढाच, मग चौपट ऊर्जा जिरवायला चौपट अंतर लागणारच.

चौपट नेमकं काय होतं, ते न बघणं

त्याच मुलानं मग मला अडवलं. "सर, 4 चे चौपट 16 होतात. आले 14." प्रश्न बरोबर होता. फक्त सूत्र पाठ केलेला हा प्रश्न कधी विचारत नाही.

पाय पेडलवर पडला म्हणजे ब्रेक धरला असं नसतं. पेडल दाबलं जाईपर्यंत, दाब चाकांपर्यंत पोचून पूर्ण पकड येईपर्यंत सेकंदाचा थोडा भाग जातो, आणि तेवढा वेळ गाडी जवळजवळ आहे त्याच वेगानं पुढं जाते. हा तुकडा वेगाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पटच. 20 ला तो सुमारे एक पाऊल होता आणि खरं ब्रेकचं अंतर 3 पावलं. 40 ला हा तुकडा 2 पावलांचा झाला आणि ब्रेकचं अंतर 12. तीनाचे बारा, चौपट बरोबर आलं. एकाचे दोन.

रस्त्यावर हा पहिला तुकडा फार मोठा होतो, कारण तिथं फक्कीची रेघ नसते. समोर काय आहे ते दिसायला, कळायला आणि पाय उचलायला मिळून दीड सेकंद धरा. 40 नं त्या दीड सेकंदात जवळपास 17 मीटर जातात, 80 नं 33. म्हणून दिसल्यापासून थांबेपर्यंतचं पूर्ण अंतर 40 ला 26 मीटरच्या आत येतं आणि 80 ला 69 मीटरच्या आत. ही वाढ चौपट नाही, पावणेतीनपट आहे. "एकूण अंतर चौपट होतं" असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकून कुणीतरी मोजतो, चौपट येत नाही, आणि मग तो सगळंच खोटं म्हणून सोडून देतो. यासाठी मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

"60 काय नि 80 काय, ब्रेक मारला की झालं"

या चुकीची मला खरी भीती वाटते.

ऊसाचा सीझन होता, जानेवारीतली रात्र. निपाणी–चिकोडी रस्त्यानं एका लग्नाहून परत येत होतो. गाडी माझाच जुना विद्यार्थी चालवत होता, मी शेजारी. काटा 80 वर. मी एकदा म्हणालो, हळू घे. "रस्ता मोकळा आहे की सर." समोरून ट्रक आला म्हणून त्यानं लाईट डिपरवर घेतला. ट्रक बाजूनं गेला आणि त्याच क्षणी आमच्या बाजूला ऊसानं भरलेली ट्रॉली दिसली. ॲक्सल तुटून उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वाळलेली पाचट आणि मागं वीतभर बाहेर आलेली ऊसाची बुडखी. पोरगा दचकला, ब्रेक मारला आणि स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. गाडीला एबीएस होतं, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही ती वळली. डावा आरसा ऊसात राहिला. ट्रक थोडा उशिरा आला असता तर उजवीकडंही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन परत तिथं गेलो. एबीएसच्या गाडीच्या टायरचे पट्टे फिकट आणि तुटक पडतात, पण नीट बघितलं तर दिसतात. ट्रॉली उभी होती तिथं तेल सांडलेलं होतं. आमचे पट्टे त्याच्या अलीकडं फक्त 16 पावलांवर सुरू झाले होते, म्हणजे 12 मीटर. तिथून पुढं गाडी पूर्ण थांबेपर्यंत सगळी मिळून पन्नासेक पावलं. "मी लगेच ब्रेक मारला हो सर," असं तो सांगत होता, आणि ते खरंच होतं. ट्रॉली दिसली तेव्हा ती 45 मीटरवर असणार. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची वस्तू साधारण तेवढ्यातच दिसते. त्यातले 33 मीटर पाय ब्रेकवर पडेपर्यंतच संपले होते.

याच 45 मीटरचा हिशोब 60 नं करू. दीड सेकंदात 25 मीटर, ब्रेकचे 20 मीटर. गाडी ट्रॉलीच्या जवळजवळ बुडाशी येऊन थांबते. 80 नं त्याच जागी वेग किती उरतो? बहुतेकजण सांगतात 20, कारण 80 मधून 60 गेले. खरा आकडा 66 च्या आसपास आहे. जिथं 60 वाला पूर्ण थांबतो, तिथं 80 वाला 66 नं धडकतो. ब्रेक शेवटच्या काही मीटरमध्ये वेग झपाट्यानं उतरवतो, सुरुवातीच्या मीटरमध्ये फार थोडा, आणि 80 वाल्याच्या वाट्याला फक्त सुरुवातीचे मीटर आले. हे त्या पोराला मी तिथंच, त्या तेलाच्या डागाशेजारी कागदावर मांडून दाखवलं.

त्या दिवसापासून रात्री डिपरवर असताना मी काटा 55 च्या वर जाऊ देत नाही, मागून कितीही हॉर्न वाजू दे. 55 ला पूर्ण अंतर 40 मीटर येतं, म्हणजे उजेडाच्या आत थांबता येतं.

डोक्यात हिशोब न ठेवणं

मोबाईलवर आकडे बघून काही उपयोग नाही, गाडीत बसल्यावर आठवले पाहिजेत. माझी रीत अशी : वेगाला 10 नं भागायचं. आलेल्या आकड्याला 4 नं गुणलं की पाय ब्रेकवर येईपर्यंतचे मीटर. त्याच आकड्याचा वर्ग करून निम्मा केला की ब्रेकचे मीटर. दोन्हींची बेरीज करून, हिशोब ढोबळ आहे म्हणून वर 5 मीटर. 80 ला 32 आणि 32, वर 5, झाले 69. 60 ला 24 आणि 18, वर 5, म्हणजे 47. हा कोरड्या डांबराचा आणि चांगल्या टायरचा हिशोब आहे. अवघड असलं काही यात नाही, पण शिकाऊ पोरांना आठ दिवसांत लायसन्स हवं असतं आणि एवढं पाठ करायलाही धीर नसतो.

छोट्या चुका, पण रोजच्या

सूत्रात वेग तसाच किलोमीटरमध्ये घालू नका. `d = v²/(2a)` मध्ये d म्हणजे ब्रेकचं अंतर, v वेग आणि a वेग उतरायचा दर, तो 25 ला 3.6 नं भागून साधारण 7 येतो. वेगही आधी 3.6 नं भागून मीटर प्रतिसेकंद करायचा. तसाच 80 घातला तर उत्तर साडेचारशे मीटर येतं.

"गाडी जड म्हणून उशिरा थांबते" हे सरसकट खरं नाही. वजन वाढलं तर टायरची पकडही त्याच प्रमाणात वाढते. पण हे ब्रेक पुरेसा असेल तरच. ट्रॉलीला स्वतःचा चालू ब्रेक नसेल तर सगळं वजन ट्रॅक्टरच्या चाकांनाच थोपवावं लागतं.

एबीएस असलं म्हणून अंतर निम्मं होत नाही. त्याचं काम ब्रेक दाबलेला असताना गाडी वळू देणं. सुट्या खडीवर तर अंतर वाढूही शकतं.

तवंदी घाट उतरताना न्यूट्रल टाकणं आणि त्यातही इंजिन बंद करणं, याला माझी माफी नाही. इंजिन बंद झालं की ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर पायाला जोर देणारा बूस्टर जातो, पेडल दगडासारखं होतं.

दुचाकीवाल्यांनो, पुढचा ब्रेक घाबरून सोडू नका. ब्रेक लागताना वजन पुढं येतं, त्यामुळं थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा झटका न देता चढता दाबायचा.

पावसात तोच हिशोब धरणं

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मी त्याच तुकड्यावर पोरांना परत नेतो. महिनोन्महिने साचलेली धूळ आणि तेल पहिल्या पावसात वर येतं, आणि टायर घासलेले असतील तर पकड सहज निम्म्यावर येते. पकड निम्मी झाली की ब्रेकचं अंतर दुप्पट. फक्की टिकत नाही म्हणून रेघेच्या जागी दोन विटा ठेवतो. चिकोडीकडचा तो मुलगाही त्या दिवशी आला होता. 40 नं ब्रेक मारायच्या आधी त्यानं स्वतःच चालत जाऊन तिसरी वीट ठेवली, या वेळी 26 पावलांवर. गाडी 25 व्या पावलाजवळ थांबली.