उरलेला तुकडा यादीतच ठेवा

मेमरी वाटपाचं गणित घ्या: मेमरीतले मोकळे ब्लॉक 200, 500, 300 केबी. मागण्या क्रमाने 280, 210, 250.

फर्स्ट फिटमध्ये, म्हणजे पुरेल असा पहिलाच ब्लॉक घेताना, 280 गेले 500 मध्ये. इथेच मार्क जातात: 500 खोडून त्याच जागी 220 लिहायचं. मग 210 त्या 220 मध्ये बसतं आणि 250 ला 300 मिळतो. उरलेले 220 विसरलात तर 210 जाऊन 300 अडवतं, आणि 250 उगाच ताटकळतं. मात्र प्रश्नात ‘फिक्स्ड पार्टिशन’, म्हणजे ब्लॉक न तोडता अख्खा एकालाच, असेल तर तेच उत्तर बरोबर!

बेस्ट फिटमध्ये, म्हणजे पुरेल असा सर्वांत लहान ब्लॉक घेताना, तिन्ही बसतात. वर्स्ट फिटमध्ये दर वेळी सर्वांत मोठा ब्लॉक नव्याने शोधा: शेवटी 200, 220, 90 उरतात. बेरीज 510, तरी 250 ला जागा नाही. कारण लिहा, एक्स्टर्नल फ्रॅग्मेंटेशन.