प्री-वेडिंग फोटोत कपड्यांचे रंग जुळवताना या चुका टाळा

समोर फोटो आहे: तिची जांभळी पैठणी, हिरवे काठ, सोनेरी जर. त्याचा भडक निळा कुर्ता. मागे पावसाळ्यातला हिरवागार डोंगर. आणि फोटो एडिट करणाऱ्याला फोनवर नेहमीची मागणी, "दादा, याचा कुर्ता पैठणीला मॅच करून द्या ना."

पहिली चूक इथेच होते. मॅच म्हणजे सेम असं समजून कुर्ताही जांभळा केला जातो. मग दोघं चिकटून उभी असली की त्याची बाही कुठे संपते आणि तिचा पदर कुठे सुरू होतो, तेच कळत नाही. काठाचा हिरवा घ्यावा, तर नवरदेव डोंगरात विरघळतो. उरतो जरीचा रंग, म्हणजे कुर्ता मोहरी. पैठणीला मात्र हात लावू नका. बऱ्याच पैठण्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. रंग फिरवला की ती धूपछाव बिघडते आणि रेशीम प्लॅस्टिकसारखं दिसतं.

दुसरी चूक जास्त फसवी. फोटोशॉपमध्ये कुर्ता सिलेक्ट करून, त्याचा मास्क करून Hue/Saturation मधला Hue निळ्याकडून पिवळ्याकडे सरकवला की बहुतेकदा मोहरी येत नाही, शेवाळी चिखल येतो. कारण Hue फक्त रंग बदलतो, Lightness चा आकडा तोच ठेवतो. निळ्या कापडाचा तो आकडा बहुधा कमी असतो, आणि तेवढ्या कमी आकड्यावर पिवळा शेवाळी दिसतो. म्हणून आधी त्याच मास्कवर Curves लावून कुर्त्याचे मधले टोन उचला, मग Hue फिरवा आणि Saturation थोडं उतरवा. कुर्ता काळपट नेव्ही असेल तर हट्ट करू नका. चुण्यांमधल्या सावल्या उचलल्या की दाणे दिसतात, आणि फाइल जेपीईजी असेल तर रंगाचे पट्टेही पडतात. तिथे चॉकलेटी निवडा. गडद केशरी-पिवळा डोळ्याला तपकिरीच दिसतो, त्यामुळे उजळवायची गरज उरत नाही आणि जरीशी नातंही टिकतं.

मास्क न करता लाइटरूममध्ये पूर्ण फोटोचा निळा फिरवणारेही भेटतात. तिथे निळा हिरवट किंवा जांभळटच होतो, मोहरी होत नाही, आणि आकाशही त्याच्याबरोबर बदलतं. मूळ कपडा लाल किंवा केशरी असेल तर चेहरेच बदलतात, कारण त्वचेचा रंग त्याच पट्ट्यात येतो.

एवढं करूनही फोटो "एडिट केलेला" का वाटतो? १०० टक्के झूम करून त्याच्या हनुवटीखाली आणि कुर्त्यावर टेकलेल्या तिच्या तळहाताच्या कडेला बघा. जुन्या कुर्त्याची निळी झाक तिथे तशीच असते. नवीन लेयर घ्या, मोड Color, शेजारच्या त्वचेचा रंग उचला आणि मऊ ब्रशने, Flow १० टक्के ठेवून, हळूहळू रंगवा.

पुढच्या फोटोत तेच आकडे डोळे झाकून पेस्ट करू नका. उन्हातला मोहरी सावलीत हिरवट पडतो. दोन्ही फोटो शेजारी उघडा आणि डोळ्यांनीच जुळवा.