एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर छत्तीस सीलिंग स्पीकर कसे जोडावेत

मॅनेजर साहेब, तीन मजले आणि पार्किंग मिळून ३६ स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र एकच, हे कसं जमणार असं तुम्ही विचारलं होतं. १०० व्होल्ट लाइन घेतली की जमतं.

घरच्या सिस्टिममधले ८ ओहमचे ३६ स्पीकर पॅरलल जोडले, तर एकूण भार पाव ओहमच्याही खाली जातो. अ‍ॅम्प्लिफायरसाठी तो जवळपास शॉर्टच. म्हणून पीए अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल चढवून पूर्ण आवाजाला १०० व्होल्टपर्यंत नेतो आणि प्रत्येक स्पीकरमागचा छोटा ट्रान्सफॉर्मर तो पुन्हा उतरवतो. व्होल्टेज जास्त असल्याने करंट कमी लागतो: १२० वॅटला फक्त १.२ अँपिअर. त्यामुळे लांबवर वायर नेली तरी आवाज फारसा पडत नाही.

आता हिशेब. ट्रान्सफॉर्मरवर ६, ३, १.५ वॅट असे टॅप असतात. लाइनमधून तो स्पीकर किती वॅट घेणार, हे टॅपवर ठरतं. पार्किंगमध्ये गाड्यांचा आवाज असतो, तिथले ६ स्पीकर ६ वॅटवर ठेवा, म्हणजे ३६ वॅट. पॅसेजमधले २४ स्पीकर ३ वॅटवर, म्हणजे ७२. केबिनमधले ६ दीड वॅटवर, म्हणजे ९. बेरीज ११७ वॅट. १२० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरेल असं वाटेल, पण तो घेऊ नका. साधारण वीस टक्के जागा मोकळी हवी, म्हणून १६० वॅटचा घ्या. पुढे दोन-चार स्पीकर वाढले तरी अडचण येणार नाही.

जोडताना अ‍ॅम्प्लिफायर बंद करा. १०० व्होल्टचा झटका चांगलाच बसतो. एक वायर कॉमनला, दुसरी १०० व्होल्टच्या टर्मिनलला. शेजारच्या ४ किंवा ८ ओहमच्या टर्मिनलला काहीही लावू नका. तिथून प्रत्येक स्पीकरपर्यंत हीच जोडी पुढे न्या. कॉमनची वायर सगळीकडे एकाच रंगाची ठेवा. जवळच्या दोन स्पीकरमध्ये ती उलटसुलट झाली, तर त्यांच्या मधोमध उभं राहिल्यावर आवाज पोकळ ऐकू येतो.

सगळ्यात मोठा घोळ पुढे कधीतरी होतो. एखादा स्पीकर बिघडतो आणि कोणीतरी ट्रान्सफॉर्मर नसलेला साधा ८ ओहमचा स्पीकर लाइनला लावतो. १०० व्होल्टवर तो १२५० वॅट मागतो. मग घोषणा सुरू होताच प्रोटेक्शनचा दिवा लागतो आणि सगळी इमारत गप्प होते. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून लाइन मधोमध तोडा आणि फक्त पहिला अर्धा भाग जोडून चालू करा. तो नीट चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात आहे. असं निम्मं निम्मं करत गेलात की चुकीचा स्पीकर सापडतो. मल्टिमीटरवर ओहम मोजून मात्र एकूण भार कळत नाही. मीटर ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो आणि तो खऱ्या भारापेक्षा खूप कमी असतो. इन्स्टॉलरकडून इम्पिडन्स मीटरने मोजून घ्या: ११७ वॅटच्या लाइनवर साधारण ८५ ओहम यायला हवेत. आकडा ६० च्या आसपास आला, तर कुठेतरी टॅप वरचा लागलाय किंवा स्पीकर जास्त जोडलेत.