रिव्ह्यू व्हिडिओत टीका करायचीय पण मानहानीची केस नको, मग स्क्रिप्ट अशी तपासा

"सुरुवातीला 'हे माझं वैयक्तिक मत आहे' अशी पट्टी टाक, मग कोणी काही करू शकत नाही." हा सल्ला देणाऱ्यांचं कृपया ऐकू नका. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1990 मध्येच सांगून ठेवलंय की 'माझ्या मते तो खोटारडा आहे' असं म्हटलं म्हणून सुटका होत नाही, कारण ऐकणारा हेच धरून चालतो की यामागे काहीतरी घडलेलं असणार. भारतात तर मानहानी हा फौजदारी गुन्हाही आहे. कायदा देशागणिक बदलतो, पण तथ्य आणि मत यांतला फरक बहुतेक सगळीकडे बघतातच.

पहिलं काम सोपं आहे: बिल, खोका, बॅच नंबर आणि टेस्टचं न कापलेलं फुटेज जपून ठेवा.

दुसरं काम म्हणजे स्क्रिप्ट, आणि खरी अडचण इथेच येते, मलाही हे नीट जमायला बराच काळ गेला. प्रत्येक वाक्य वेगळं काढा आणि स्वतःला विचारा, हे मोजता किंवा दाखवता येतं का (तथ्य), हे मला कसं वाटलं ते आहे का (मत), की समोरच्याच्या मनात काय होतं ते मी सांगतोय (आरोप)? गोत्यात आणतो तो तिसरा प्रकार, आणि तो मताचे कपडे घालून येतो म्हणून चटकन ओळखू येत नाही.

एक उदाहरण घ्या. पॉवर बँकेवर 10000 एमएएच लिहिलंय, तुम्ही यूएसबी मीटर लावून 5 व्होल्टला मोजलं तर 6300 आले आणि स्क्रिप्टमध्ये वाक्य आलं, "कंपनी ग्राहकांना फसवतेय". आता बघा, छापलेला आकडा सहसा आतल्या सेलचा असतो, तो 3.7 व्होल्टला, म्हणजे 37 वॉट-तास. तेवढीच ऊर्जा 5 व्होल्टला काढली तर कागदावरच 7400 एमएएच होतात, त्यात व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये आणि केबलमध्ये थोडी जाते, म्हणजे 6300 हे अगदी नॉर्मल आहे आणि तुम्ही ज्याला फसवणूक म्हणालात ती फसवणूकच नाही. शिवाय 'फसवतेय' म्हणजे कंपनीने जाणूनबुजून केलं असा आरोप, तो सिद्ध करायला मीटर पुरत नाही, आतली कागदपत्रं किंवा तसाच भक्कम पुरावा लागतो.

तेच वाक्य असं लिहा: "मी मोजलं तेव्हा 5 व्होल्टला 6300 एमएएच मिळाले. खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त सेलचा आकडा आहे, प्रत्यक्षात किती मिळेल ते बारीक अक्षरात. मला हे आवडलं नाही, मी ही घेणार नाही." टीका तितकीच कडक आहे, पण मत कशावर उभं आहे ते प्रेक्षकाला दिसतंय, आणि हे दिसणं फार महत्त्वाचं, कारण मताचा बचाव बऱ्याच ठिकाणी त्यावरच टिकतो.

शब्द किती नेमका हवा, ते बोसच्या केसमध्ये बघा. 1970 मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने बोस 901 स्पीकरबद्दल लिहिलं की वाद्यांचा आवाज खोलीभर फिरतो. कंपनीचं म्हणणं, खोलीभर नाही, दोन स्पीकरमधल्या भिंतीलगत. खालच्या कोर्टाने कंपनीचं मानलं. शेवटी 1984 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मासिक जिंकलं, कारण खोटं आहे हे माहीत असून लिहिलं असं सिद्ध झालं नाही. पण मधली चौदा वर्षं? म्हणून जे ऐकलं, जे दिसलं, तेवढंच आणि तसंच लिहा.

व्यक्तीचं नाव घेताना माझा नियम ठाम आहे: वस्तूबद्दल बोला, मालकाच्या हेतूबद्दल नाही. "सर्व्हिस सेंटरने तीनदा तारीख बदलली, हे मेसेज बघा" चालेल, "मालक चोर आहे" नाही. कमेंटमधला किस्सा वाचून दाखवलात तरी जबाबदारी तुमचीच, 'असं एकाने सांगितलं' म्हणून ती जात नाही.

थंबनेल आणि टायटल शेवटी बनतात आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. आत सांभाळून बोललात आणि बाहेर लाल अक्षरात 'स्कॅम?' लिहिलंत, तर त्या प्रश्नचिन्हाच्या भरवशावर राहू नका, लोकांना त्यातून काय समजतं तेही बघितलं जातं.

अपलोडआधी कंपनीला नेमके प्रश्न ईमेलने पाठवा, काही दिवस द्या, उत्तर आलं तर व्हिडिओत घ्या. पॉवर बँकेचा व्होल्टेजचा मुद्दा तर त्यांच्या पहिल्याच उत्तरात कळला असता.

नोटीस आलीच तर फुटेज डिलीट करू नका, तिच्यावर चिडून दुसरा व्हिडिओ टाकू नका, उत्तराची मुदत बघा आणि नोटीस, स्क्रिप्ट, पुरावे एकत्र घेऊन वकिलाकडे जा. एखादं वाक्य खरंच चुकलेलं निघालं तर तेवढं कापून दुरुस्ती जाहीर करायची का, आणि कोणत्या शब्दांत, हे वकिलाला विचारूनच ठरवा.