चौरसावरचे चार प्रभार: या चुका टाळा

बारावीच्या स्थिरविद्युत प्रकरणातलं हे गणित वर्गात सोपं वाटतं आणि पेपरात हमखास चुकतं. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर सारखेच प्रभार आहेत, स्थितिज ऊर्जा काढा. मग कोपऱ्याआड चिन्ह बदला आणि पुन्हा काढा. उदाहरणासाठी q = 2 μC आणि बाजू a = 0.3 मीटर घेऊ. बाजूच्या टोकांवरच्या दोन प्रभारांची ऊर्जा kq²/a, म्हणजे 0.12 ज्यूल. ही झाली एका बाजूची किंमत.

चार प्रभारांच्या जोड्या सहाच होतात: चार बाजूंवरच्या आणि दोन कर्णांवरच्या. कर्ण a√2 असल्यामुळे त्याच्या जोडीची ऊर्जा 0.12/√2, म्हणजे साधारण 0.085 ज्यूल. सगळे धन असतील तर (4 + √2) × 0.12 ≈ 0.65 ज्यूल. उत्तर 1.30 आलं, तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली आहे. A-B धरल्यावर B-A पुन्हा धरायची नसते. उत्तर 2.0 आलं, तर बहुधा छेदात r² गेलाय. तो बलाच्या सूत्रातला, इथे नुसता r.

खरी गफलत होते ती चिन्हं बदलल्यावर. बरेच जण पहिल्या उत्तराला सरळ उणे लावून –0.65 लिहितात. पण +, –, +, – असे प्रभार मांडून आकृतीवर कर्ण ओढा: कर्णाच्या दोन्ही टोकांना चिन्ह सारखंच आहे! बाजू उणे झाल्या, कर्ण अधिकच राहिले. म्हणून (–4 + √2) × 0.12 ≈ –0.31 ज्यूल.

शंका वाटली तर एकेक प्रभार आणून बसवा. पहिल्याला काहीच काम नाही. दुसऱ्याला –0.12. तिसऱ्याला शेजाऱ्यामुळे –0.12 आणि कर्णामुळे +0.085, म्हणजे –0.035. चौथ्याला दोन शेजारी आणि एक कर्ण मिळून –0.155. बेरीज –0.31. आणखी एक झटपट पडताळा आहे: दोन्ही उत्तरांतला फरक बरोबर आठ बाजूंइतका, 0.96 ज्यूल यायला हवा, कारण कर्णांचा भाग दोन्हीकडे तोच असल्याने वजाबाकीत उडतो.

‘केंद्रावर विभव शून्य, म्हणून ऊर्जाही शून्य’ हा युक्तिवाद तर दरवर्षी भेटतो. केंद्रावर विभव शून्य असतं हे खरं. पण त्याचा अर्थ एवढाच, की पाचवा प्रभार अनंतापासून केंद्रात आणायला निव्वळ काम लागत नाही. आधीच्या चौघांच्या आपसातल्या ऊर्जेबद्दल ते काहीच सांगत नाही.

प्रश्न नीट वाचा, कारण ‘दोन धन, दोन ऋण’ म्हणजे आलटून-पालटून असेलच असं नाही. दोन्ही धन शेजारी-शेजारी असतील तर बाजूंची बेरीज शून्य होते, दोन्ही कर्ण उणे होतात आणि उत्तर –√2 × 0.12, म्हणजे सुमारे –0.17 ज्यूल येतं.