फ्लश टँक आणि शॉवर बदलून हवाय? घरमालकांना पत्र असं लिहा

"काका, बाथरूममध्ये पाणी गळतंय, जरा बघा ना." पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधून मी घरमालकांना पाठवलेला हा पहिला मेसेज. काका नाशिकला राहायचे. "प्लंबर बोलावून घ्या, पैसे मी देतो," असं त्यांनी लगेच कळवलं. प्लंबर आला, वॉशर बदलून गेला आणि आठ दिवसांत गळती पुन्हा सुरू झाली. तीनदा असंच झालं. मग शॉवरही तुटला, तेव्हा मी नीट पत्र लिहिलं आणि काम झालं. दुसऱ्या गावी बसलेल्या माणसाला घर न बघता निर्णय घेता येईल, इतकी माहिती पत्रात असावी लागते. ती गोळा करायला साधारण एक सुट्टीचा दिवस पुरतो.

आधी गळती कुठे आहे ते शोधा

फ्लश टँकमध्ये खाण्याचा रंग थोडासा टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर टँकच्या तळाचा वॉशर गेलाय. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंत चढून तिथून कमोडमध्ये वाहत असेल, तर बॉल कॉक, म्हणजे टँक भरला की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, बिघडलाय. हे दोन्ही सुटे भाग आहेत, स्वस्तात बदलतात. अशा वेळी अख्खा टँक मागणं बरोबर नाही आणि मालक नाही म्हणाले तर त्यांचं चुकत नाही.

टँकच्या बाहेरून, भिंतीवर ओघळ येत असेल तर गोष्ट वेगळी. टँक कोरडा पुसून बॅटरीच्या उजेडात तळ बघा. आमच्याकडे कनेक्शन पाईप जिथे टँकला जोडतो, त्या भोकापासून बोटभर लांब तडा गेला होता. जुनं प्लॅस्टिक कडक होतं आणि नट आवळला की तिथेच चिरतं. प्लंबर दर वेळी नवा वॉशर घालून नट आणखी आवळत होता, म्हणजे तडा वाढवतच होता. एम-सील लावून पाहिलं, तेही टिकलं नाही. टँक बदलायला हवा, असं म्हणायला हे खरं कारण आहे.

गळती मोजा

"खूप पाणी जातं" यातून काहीच कळत नाही. टँकचा अँगल कॉक, म्हणजे टँकला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा, आतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि तासाभराने पातळी किती उतरली ते पाहा. आमचा टँक आतून ४० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद होता. तासात पाणी ५ सेंटिमीटर उतरलं. ४० गुणिले १५ गुणिले ५ म्हणजे ३,००० घन सेंटिमीटर, म्हणजेच ३ लिटर. कॉक उघडा असताना टँक पुन्हा पुन्हा भरतो, त्यामुळे तो चोवीस तास उघडा ठेवला तर दिवसाला साधारण ७२ लिटर आणि महिन्याला दोन हजार लिटरहून जास्त पाणी वाया गेलं असतं. काकांच्या मनावर सगळ्यात जास्त परिणाम याच आकड्याचा झाला.

शॉवर कसा तुटला ते प्रामाणिकपणे पाहा

भिंतीतून येणारी शॉवरची नळी, जिला प्लंबर आर्म म्हणतात, ती बहुधा आट्यांपाशी तुटते. तुटलेल्या कडेचा जवळून फोटो काढा. कड पातळ झालेली, हिरवट किंवा गंजलेली असेल तर ती वर्षानुवर्षांची झीज आहे. कड जाड आणि चकचकीत असेल, तर बहुतेक कोणीतरी जोर लावलाय किंवा बादली अडकवलीय. तसं असेल तर तो खर्च आपला आहे आणि पत्रात तसं लिहून टाकावं. आट्यांचा तुकडा भिंतीत अडकून राहिला असेल तर तेही लिहा, कारण तो काढताना टाइल फुटू शकते आणि मालकांना हे आधी माहीत असलेलं बरं.

करारनामा उघडा

लिव्ह अँड लायसन्सच्या आपल्याकडच्या प्रचलित मसुद्यात दोन कलमं असतात. एकात लिहिलेलं असतं की भाडेकरूकडून झालेलं नुकसान भाडेकरूने भरून द्यायचं, मात्र सामान्य झीज वगळून. दुसऱ्यात मालकांच्या लेखी संमतीशिवाय घरात बदल करायचे नाहीत असं असतं. पहिल्या कलमाच्या आधाराने मागणी करता येते, दुसऱ्यामुळे परवानगी लेखीच घ्यावी लागते. तुमच्या करारात किरकोळ दुरुस्ती तुमच्याकडे असेल, तर तेही लपवू नका.

पत्र

आमचं पत्र साधारण असं होतं:

> दिनांक: …
>
> आदरणीय काका,
> सप्रेम नमस्कार.
>
> विषय: फ्लॅट क्र. … मधील फ्लश टँक व शॉवर बदलण्याबाबत
>
> बाथरूममधल्या फ्लश टँकला तळाशी, कनेक्शन पाईपजवळ तडा गेला आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा वॉशर बदलला व एकदा एम-सील लावले, तरी गळती थांबलेली नाही. मोजून पाहिले असता तासाला सुमारे ३ लिटर, म्हणजे कॉक चोवीस तास उघडा ठेवल्यास दिवसाला ७२ लिटर पाणी वाया जाते. म्हणून रात्री आम्ही अँगल कॉक बंद ठेवतो.
>
> दि. … रोजी शॉवरची नळी आट्यांपाशी झिजून तुटली. तुटलेला तुकडा भिंतीत अडकला आहे. फोटो सोबत जोडले आहेत.
>
> दोन्ही बिघाड वापराने झालेल्या झिजेमुळे आहेत. प्लंबरच्या मते टँक दुरुस्त होण्यासारखा नाही. त्याने दिलेला लेखी अंदाज सोबत आहे: टँक १,४०० रुपये, शॉवर व नळी ९०० रुपये, मजुरी ८०० रुपये, एकूण ३,१०० रुपये. तुकडा काढताना एखादी टाइल फुटण्याची शक्यता आहे.
>
> आपण आपल्या माहितीतला प्लंबर पाठवावा, किंवा मला काम करून घेण्यास व बिलाची रक्कम पुढच्या महिन्याच्या भाड्यातून वजा करण्यास लेखी संमती द्यावी. दि. … पर्यंत कळवावे, ही विनंती. शनिवार-रविवारी दिवसभर घरी कोणी ना कोणी असते.
>
> आपला/आपली,
> (नाव, सही, फोन)

यात रागाचं एकही वाक्य नाही आणि मागणी एकच आहे. दोन पर्याय दिले की उत्तर देणं सोपं जातं. तारीख दहा-पंधरा दिवसांनंतरची ठेवा. पण खालच्या मजल्याच्या छताला ओल आली असेल तर दोन-तीन दिवसांचीच ठेवा आणि ओल आल्याचं पहिल्याच वाक्यात लिहा. सोसायटी त्याबद्दल सभासदाला, म्हणजे मालकांना विचारते.

सही केलेल्या पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि मूळ प्रत स्पीड पोस्टाने. पोस्टाची पावती जपून ठेवा. दोन दिवसांनी फोन करून "पत्र मिळालं का काका?" एवढंच विचारा.

उत्तर आलं नाही तर

भाड्यातून परस्पर पैसे कापू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये किमान १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करण्याची आणि खर्च भाड्यातून वळता करण्याची सोय आहे. एका वर्षात तो वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. पण ही सोय भाडेकरूसाठी आहे आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा या कायद्याच्या अर्थाने भाडेकरू ठरत नाही. आपल्या हातात करारनामाच असतो. म्हणून त्यातल्या झिजेच्या कलमाचा उल्लेख करून दुसरं पत्र पाठवा आणि त्याला पहिल्याची प्रत जोडा.

काम झालं की बिलाचा आणि बसवलेल्या नव्या टँकचा फोटो तारखेसह मालकांना पाठवा. काढलेला जुना टँक त्यांना विचारल्याशिवाय भंगारात देऊ नका. घर सोडताना अनामत रकमेचा हिशेब होतो, तेव्हा "आधीचा टँक कुठे गेला?" हा प्रश्न येऊ शकतो.