वर्षाचा गहू एकत्र घेताना टेम्पोचे भाडे कसे वाटावे

एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा गहू भरताना शेजाऱ्यांनी मिळून थेट घाऊक व्यापाऱ्याकडून कट्टे उचलले, तर भावात किलोमागे तीन-चार रुपये सहज वाचतात. नमुना आणून दाणा चावून पाहणे आणि भाव किती कट्ट्यांपासून लागू होतो हे विचारून घेणे, ही कामे एका फेरीत होतात. भाव निव्वळ वजनाचा आहे की बारदानासकट, एवढे मात्र तिथेच स्पष्ट करून घ्यावे.

खरी अडचण हिशेबात आहे. ‘सगळ्यांनी सारखे पैसे काढावेत’ हा सल्ला कोणीतरी हमखास देतो. तो ऐकू नये. पहिल्या वर्षी मी तो ऐकला होता. बारा घरांनी मिळून पन्नास किलोचे २४ कट्टे घेतले. दुकानात गहू ४२ रुपये किलो होता, आम्हाला ३८ रुपयांनी मिळाला. कट्ट्यामागे हमाली २० रुपये आणि टेम्पोचे भाडे २,४०० रुपये झाले. भाडे मी घरटी दोनशे रुपये असे वाटले. त्यामुळे एकच कट्टा घेणाऱ्या आजींना तो १,९०० अधिक २० अधिक २००, म्हणजे २,१२० रुपयांना पडला. तोच कट्टा खालच्या दुकानात २,१०० रुपयांना मिळाला असता. चार कट्टे घेणाऱ्या घराला मात्र कट्ट्यामागे भाड्याचे पन्नासच रुपये पडले. आजी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी नाव दिले नाही.

म्हणून भाडे कट्ट्यावरच वाटावे. वरच्या उदाहरणात ते कट्ट्याला १०० रुपये येते, आजींचा कट्टा २,०२० रुपयांना पडतो आणि प्रत्येकाला कट्ट्यामागे सारखेच ८० रुपये वाचतात. जिन्याने वर चढवण्याची हमाली यात मिसळू नये. तिसऱ्या मजल्याचा भार तळमजल्यावर टाकण्यास काहीही आधार नाही, ज्याची त्याने ती परस्पर द्यावी.

दुसरा खड्डा ऐनवेळी माघार घेणाऱ्याचा. चार कट्टेवाल्याने नाव काढून घेतले, तर उरलेल्या २० कट्ट्यांवर भाडे १२० रुपये होते आणि व्यापाऱ्याची अट किमान वीस कट्ट्यांची असेल, तर आणखी एक कट्टा गळताच भावही हातचा जातो. त्यामुळे पूर्ण रक्कम आगाऊ घ्यावी, आणि बदली गिऱ्हाईक न आणता माघार घेणाऱ्याच्या पैशांतून त्याच्या वाट्याचे भाडे कापले जाईल, हे पैसे घेण्यापूर्वीच सर्वांना लेखी कळवावे. मागाहून सांगितलेला नियम भांडणच लावतो.

अर्धा कट्टा हवा असणाऱ्यांनी आपली जोडी आधीच जमवावी. टेम्पो आल्यावर दोन-तीन कट्टे काट्यावर घालून पाहावेत, आणि व्यापाऱ्याची पावती व भाड्याची चिठ्ठी त्याच संध्याकाळी हिशेबासह फलकावर लावावी.